दुपारच्या फोटोवरून घराचे संधिप्रकाशातील संकल्पचित्र कसे रंगवावे

प्रश्न: कोल्हापुरात रुईकर कॉलनीतल्या एका जुन्या दुमजली, पश्चिमाभिमुख घराचे नूतनीकरण आमच्याकडे आले आहे. नवा रंग, झाडे आणि दिवे लावल्यावर घर संध्याकाळी कसे दिसेल, याचे चित्र मालकांना हवे आहे. त्यांनी एप्रिलमध्ये दुपारी एकच्या सुमारास मोबाइलवर काढलेला फोटो दिला आहे. मी तो फोटोशॉपमध्ये गडद केला, निळसर केला, खिडक्या पिवळ्या केल्या. पण तो काळवंडलेला फोटोच वाटतो, संध्याकाळ वाटत नाही. कुठे चुकते आहे?

उत्तर:

तुमच्या वर्णनावरून दोष अंधाराच्या प्रमाणात नसून सावल्यांमध्ये आहे, असे मला वाटते. सूर्य मावळला की घरावर पडणारे थेट ऊन संपते आणि मग घर उजळते ते केवळ आकाशाच्या पसरट, मऊ प्रकाशाने. अशा प्रकाशात छज्ज्याखाली ठळक कडेची सावली पडूच शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तर शून्य सावलीचा दिवसही येतो. दुपारी एक वाजता तो नुकताच पश्चिमेकडे कललेला असल्याने तुमच्या समोरच्या भिंतीला त्याचे ऊन अगदी घासून जाते. त्यामुळे प्रत्येक छज्ज्याची लांब सावली खाली ओघळलेली दिसते आणि गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा ठसठशीत होतो. फोटो कितीही गडद केला, तरी या दोन खुणा पाहणाऱ्याच्या डोळ्याला दुपारचीच साक्ष देत राहतात.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे फोटो पुन्हा काढणे, आणि घर कोल्हापुरातच असल्याने तुम्हाला ते शक्य आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरासाठी सकाळी आठच्या सुमारास जावे. त्या वेळी सूर्य घराच्या मागे असतो, समोरची भिंत पूर्णपणे सावलीत असते आणि तिच्यावर केवळ आकाशाचा प्रकाश पडतो; म्हणजे प्रकाशाची जात संध्याकाळचीच असते, फक्त प्रमाण जास्त असते. मागचे आकाश फोटोत पांढरे पडेल, पण ते बदलायचेच असल्याने त्याची चिंता नको. सूर्य मात्र घराच्या आड राहील अशी जागा निवडावी. मोबाइलची रुंद कोनाची भिंग वापरू नये, कारण तिने घराचे कोपरे ताणले जातात. रस्त्याच्या पलीकडून, किंचित तिरपे उभे राहून, मोबाइल वर न झुकवता फोटो घ्यावा. त्याच जागेवरून सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी आणखी एक फोटो काढून ठेवावा. तो कितीही धूसर आला तरी चालेल, कारण तो रंगवण्यासाठी नसून पडताळण्यासाठी आहे: शेजारच्या घरांचे दिवे कोणत्या रंगाचे आहेत, रस्त्यावरच्या दिव्याचा प्रकाश कुठपर्यंत येतो आणि आकाश भिंतीपेक्षा किती उजळ राहते, हे त्यातून कळते.

मालकांचाच फोटो वापरावा लागला, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. बहुतेक जण सावलीचा भाग उजळून उन्हाशी जुळवायला जातात आणि तिथेच अडकतात. आपल्याला उलटे करायचे आहे. दुपारच्या फोटोतला सावलीचा भाग आधीच आकाशाच्या प्रकाशात आहे, त्यामुळे संध्याकाळच्या दृष्टीने खरा भाग तोच. उन्हातला भाग खाली आणून त्याच्याशी जुळवायचा. उन्हातली भिंत निवडून Curves ने तिची उजळी कमी करावी आणि तसे करताना लाल किंचित जास्त उतरवावा, कारण ऊन सावलीपेक्षा उबदार असते. उजळी जुळली तरी घासून गेलेल्या उन्हाने उठलेला गिलाव्याचा खरखरीतपणा राहतोच. तिथे सावलीतल्या भिंतीचेच तुकडे आणून बसवावेत. छज्ज्यांच्या आणि पोर्चच्या खालच्या बाजूंकडेही पाहावे. दुपारी तापलेल्या रस्त्यावरून आणि अंगणातून परावर्तित झालेला प्रकाश खालून वर जातो, म्हणून छताच्या या खालच्या बाजू उजळ आणि पिवळसर दिसतात. संध्याकाळी असा परावर्तित प्रकाश जवळजवळ नसतो, तेव्हा त्या बाजू गडद कराव्या लागतात. एवढे झाले की हाती येते ती सावलीरहित स्वच्छ प्रत. लोंबत्या वायरी, मीटरच्या पेटीखालचे डाग आणि दारात उभी असलेली दुचाकी याच टप्प्यावर काढावीत. विजेचा खांब मात्र प्रत्यक्षात राहणार असेल, तर चित्रातही राहू द्यावा. मालक त्याच फाटकातून रोज ये-जा करतात. खांब नाहीसा झालेला त्यांना लगेच जाणवतो आणि मग बाकीच्या चित्रावरचाही विश्वास कमी होतो.

रंगही याच स्वच्छ प्रतीवर, दिवसाच्या उजेडात असल्याप्रमाणे लावावा. संध्याकाळ नंतर आणावी. समजा, सध्याची भिंत विटक्या गुलाबी रंगाची आहे आणि मालकांनी भिंतींना ऑफ-व्हाइट, तर जिन्याच्या उभ्या पट्ट्याला गडद राखाडी निवडला आहे. गुलाबीवर ऑफ-व्हाइटचा थर Multiply ने चढवला, तर भिंत मळकट होते, कारण Multiply उजळ कधीच करत नाही. आधी त्या भिंतीचा रंग काढून ती करडी करावी, मग Curves ने ती पांढऱ्या भिंतीइतकी उजळ करावी आणि त्यानंतरच निवडलेला रंग Multiply ने द्यावा. प्रत्येक पातळीसाठी वेगळा मास्क ठेवावा: समोरची भिंत, बाजूची भिंत, छज्ज्याची कड, पॅरापेट. पुष्कळ शेड कार्डांवर रंगाच्या परावर्तनाचा आकडा छापलेला असतो. ऑफ-व्हाइटचा आकडा ८० च्या आसपास आणि गडद राखाडीचा २० च्या आसपास असेल, तर कोणत्याही प्रकाशात पहिला दुसऱ्याच्या सुमारे चौपट प्रकाश परत फेकणार. हे नाते संध्याकाळीही बदलत नाही. दिवा दोन्हींवर सारखाच पडत असताना चित्रात राखाडी पट्टा पांढऱ्या भिंतीइतका उजळ दिसू लागला, तर तुम्ही दिवा नाही, पिवळा रंग लावला आहे, असे समजावे.

घराला काळ्या दगडाचे जोते असेल, तर त्यावर रंग चढवू नये, अशी माझी आग्रहाची सूचना राहील. धुऊन, सांधे भरून घेतलेला काळा दगड संधिप्रकाशात फार सुंदर दिसतो: त्याच्या सपाट कडा आकाशाची निळसर झाक उचलतात आणि खाचा काळ्याच राहतात. नवा राजवाडा याच काळ्या घडीव दगडाचा आहे. सूर्यास्तानंतर तो बाहेरून न्याहाळला, तर मी काय म्हणतो ते प्रत्यक्ष दिसेल. छज्ज्यांखालचे शेवाळाचे काळे ओघळ चित्रातून पुसायला हरकत नाही, पण छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच नसेल, तर कोल्हापूरच्या पावसात एक-दोन वर्षांत ते पुन्हा येणार, हे मालकांना चित्रासोबत लेखी कळवावे. चित्रात भिंत स्वच्छ दाखवणे म्हणजे ती स्वच्छ राहील असे सांगणेच असते.

आता संध्याकाळ. येथे दिशेचा विचार न करता चित्र रंगवणे ही सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज घडणारी गफलत आहे. तुमचे घर पश्चिमेकडे पाहते, म्हणजे फोटो काढणारा पूर्वेकडे पाहतो. त्यामुळे घराच्या मागे केशरी, पेटलेले आकाश लावले, तर चित्र कितीही देखणे झाले तरी ते खोटे ठरते. त्या घरात राहणाऱ्या माणसाने सूर्य आपल्या परसदारी मावळताना कधीच पाहिलेला नसतो. सूर्यास्तानंतर पूर्वेच्या क्षितिजालगत राखी-निळा पट्टा दिसतो, ती पृथ्वीचीच सावली असते. तिच्यावर फिकट गुलाबी छटा असते आणि त्याहून वर आकाश स्वच्छ निळे होत जाते. पंधरा-वीस मिनिटांत ती गुलाबी छटाही विरते. पश्चिमेचा उबदार उजेड तुमच्या चित्रात दिसणार नाही, पण तो समोरच्या भिंतीवर पडेल. म्हणून समोरच्या ऑफ-व्हाइट भिंतीत अगदी हलकी जांभळट-गुलाबी झाक आणि बाजूच्या भिंतीत शुद्ध निळसर करडा, एवढा भेद ठेवला की घराला दिशा मिळते. रंकाळ्याच्या चौपाटीवर सूर्यास्तानंतर तळ्याकडे पाठ करून शहराकडे पाहावे. पश्चिमेकडे तोंड केलेल्या इमारतींच्या समोरच्या आणि बाजूच्या भिंतींमध्ये हा फरक सहज दिसतो. चंद्र काढायचा मोह झाला, तर या दिशेला नुकता उगवलेला पौर्णिमेच्या आसपासचा चंद्रच चालेल. संध्याकाळची कोवळी कोर पश्चिमेलाच असते.

कोल्हापुरात सूर्यास्तानंतरचा उपयोगी संधिप्रकाश सुमारे बावीस ते चोवीस मिनिटेच टिकतो. चित्रासाठी मी त्यातला पंधरा मिनिटांनंतरचा क्षण धरतो, कारण तेव्हा आकाश आणि दिवे यांची उजळी एकमेकांच्या जवळ आलेली असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणजे तुमचे चित्र सव्वासहाचे ठरते. पाऊस संपून झाडे हिरवी असतात आणि रस्ता कोरडा असतो, त्यामुळे हा काळ सोयीचा आहे. मग कोरड्या डांबरावर आरशासारखी प्रतिबिंबे मात्र दाखवू नयेत.

स्वच्छ प्रतीची एक नक्कल करून तिची उजळी साधारण पावणेदोन ते दोन स्टॉप उतरवावी, निळा हलका वाढवावा आणि काळा रंग पूर्ण काळा होऊ देऊ नये. यानंतर प्रत्येक पृष्ठभाग आकाशाचा किती भाग पाहतो, याचा हिशेब करावा. कंपाउंडच्या भिंतीचा माथा, पायऱ्या आणि छज्ज्याची वरची बाजू जवळजवळ पूर्ण आकाश पाहतात, म्हणून त्या सर्वांत उजळ असतात. उभी भिंत अर्धेच आकाश पाहते. पोर्चचे छत खालून आकाश पाहतच नाही. दुपारच्या फोटोत आडव्या आणि उभ्या पृष्ठभागांमधला हा क्रम उन्हाने बिघडवलेला असतो, तो येथे हाताने दुरुस्त करावा लागतो. माझ्या मते चित्रात संध्याकाळ आणण्याचे निम्मे काम या पायरीवर होते, आणि एकही दिवा लावण्यापूर्वी चित्र शांत, पटणारे दिसले पाहिजे. तसे दिसत नसेल, तर दिवे लावून ते सुधारणार नाही.

दिव्यांसाठी पिवळा ब्रश वापरू नये. स्वच्छ प्रतीची दुसरी नक्कल घ्यावी, ती मूळ उजळीच्या जवळ ठेवावी आणि लाल वाढवून, निळा उतरवून ती ३००० केल्विनच्या दिव्याइतकी उबदार करावी. ही प्रत संध्याकाळच्या प्रतीवर ठेवून काळ्या मास्कने पूर्ण झाकावी, आणि जिथे दिव्याचा प्रकाश पडतो तिथेच पांढऱ्या मऊ ब्रशने ती उघडावी. असे केल्याने दिव्याखाली भिंतीचा स्वतःचा रंग, गिलावा, दगडाचे सांधे हे सगळे आपोआप दिसते. ऑफ-व्हाइट भिंत लख्ख उजळते आणि राखाडी पट्टा मंदच राहतो. तुमच्या खिडक्या आणि भिंती चिकटवल्यासारख्या वाटतात, त्याचे कारण बहुधा हेच आहे की रंगाचा थर खालचा पोत झाकतो. प्रत्येक दिव्यासाठी वेगळा थर ठेवावा, म्हणजे मालकांनी एखादा दिवा नको म्हटले तर तो बंद करता येतो.

दिव्याच्या प्रकाशाचा आकार मनाने ठरवू नये. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर वर-खाली प्रकाश टाकणारे दिवे लावायचे आहेत, असे धरू. दिव्याचा प्रकाश शंकूच्या आकारात निघतो आणि उभी भिंत त्या शंकूला कापते, म्हणून भिंतीवर टोकदार त्रिकोण किंवा गोल डाग न दिसता कमानीसारखा, वर पसरत जाणारा आकार उमटतो. दिव्याचा मध्य भिंतीपासून ७ सेंटिमीटर पुढे असेल आणि किरणकोन ३० अंश असेल, तर शंकूची कड दिव्यापासून साधारण २५ सेंटिमीटर अंतरावर भिंतीला भिडते. म्हणजे दिव्याला लागून थोडी मंद जागा, मग सर्वांत उजळ पट्टा आणि त्यानंतर वर वर हळूहळू ओसरणारा प्रकाश असा क्रम येतो. ही मंद जागा न ठेवता दिव्याच्या तोंडापासूनच भिंत पांढरी केली, की प्रकाश भिंतीवर पडल्यासारखा न वाटता भिंतीवर फासल्यासारखा वाटतो. मोजमापासाठी दरवाजा उपयोगी पडतो: त्याची उंची मोजून घ्यावी, बहुधा ती ७ फूट असते, आणि तिच्यावरून त्या पातळीतले २५ सेंटिमीटर चित्रात किती होतात ते काढावे. वरच्या छज्ज्याला हा प्रकाश अडतो, त्याची खालची बाजू उजळते आणि छज्ज्याच्या वर भिंत पुन्हा निळी राहते. तो निळा-उबदार सांधा नीट रंगवला, तर साधा छज्जाही बोलका होतो. दिव्याभोवती धूसर तेजोवलय देणे मी टाळतो. कोरड्या हवेत ते फार अंधुक असते आणि जास्त दिले की धुके पडल्यासारखे वाटते.

खिडक्यांच्या बाबतीत एवढेच पाहावे की आतल्या खोलीला खोली असावी. छताचा भाग उजळ, पडदा त्याहून मंद, खालचा भाग गडद आणि सर्वांपुढे गजांची काळी आकृती असा क्रम ठेवावा. आतला प्रकाश खिडकीच्या चौकटीच्या कडांवर आणि छज्ज्याच्या पोटावर किंचित सांडतो, तोही दाखवावा. सगळ्या खिडक्या पेटवू नयेत. पाचांपैकी दोन-तीन पुरेत, आणि त्यातली स्वयंपाकघराची खिडकी ट्यूबलाइटच्या पांढऱ्या प्रकाशाची ठेवली तर घर राहते वाटते.

झाडांमध्ये पहिला प्रश्न जागेचा असतो. कंपाउंड आणि पोर्च यांच्यामध्ये अडीच फुटांचीच पट्टी असेल, तर तिथे तगर, अनंत, जास्वंद अशी छाटून आटोक्यात राहणारी झुडपे दाखवावीत आणि सोनचाफा मोकळ्या कोपऱ्यात, भिंतीपासून दूर न्यावा. मधुमालती गच्चीच्या कठड्यावर चढलेली दाखवायची असेल, तर ती लावल्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांनी दिसेल तशी आहे, हे चित्राखाली लिहावे. झाडांचे फोटो रोपवाटिकेत सावलीत काढून आणावेत, म्हणजे सावल्या पुसण्याचे काम वाचते. संधिप्रकाशात हिरवा रंग झपाट्याने गडद होतो. फुलांमध्ये तगरीची पांढरी फुले उठून दिसतात, तर लाल जास्वंद डोळ्याला जवळजवळ काळी भासते, कारण कमी प्रकाशात आपली नजर लाल रंगाला मंदावते. म्हणून मालकांना संध्याकाळी फुले दिसायला हवी असतील, तर दर्शनी पट्टीत पांढरी फुले सुचवणे हा केवळ चित्रापुरता नाही, तर लागवडीचाही योग्य सल्ला आहे.

झाडाखाली दिवा असेल, तर पानांच्या खालच्या बाजू उजळतात. प्रकाश पातळ पानांमधून आरपार आल्याने त्या पिवळसर पोपटी दिसतात, आणि वरच्या बाजू आकाशाच्या प्रकाशात निळसर हिरव्या राहतात. दिवा झाडाच्या पुढे असेल, तर भिंतीवर झाडाची सावली झाडापेक्षा मोठी पडते आणि दिव्याच्या विरुद्ध दिशेला, वर सरकते. ही सावली रंगवली नाही, तर झाड भिंतीपुढे तरंगते. जमिनीत पुरायचे दिवे सुचवताना मात्र सावध राहावे, कारण कोल्हापुरात पावसाळ्यात अशा खड्ड्यांत पाणी साचते. आयपी ६७ दर्जाचा दिवा आणि खाली खडीचा निचरा देणार असाल तरच ते चित्रात ठेवावेत. नाहीतर जमिनीच्या वर खुंटीवर बसणारे दिवे दाखवावेत. इलेक्ट्रिशियनशी बोलून, तार कुठून येणार हे ठरल्यावरच प्रत्येक दिव्याची जागा पक्की करावी.

चित्र झाल्यावर ते कृष्णधवल करून पाहावे. आकाश, ऑफ-व्हाइट भिंत, दगडी जोते आणि दिव्याचा पट्टा हे चारही वेगवेगळे ओळखू आले पाहिजेत. भिंत आणि आकाश एकमेकांत मिसळत असतील, तर संध्याकाळची निळी प्रत अजून अर्धा स्टॉप उतरवावी किंवा आकाश थोडे उजळावे. छापून द्यायचे असेल, तर पडद्यावर योग्य दिसणारे चित्र कागदावर चिखलासारखे होते, म्हणून मधल्या छटा आधी उचलून ए-४ आकाराचा एक नमुना छापून घ्यावा आणि तो मालक जिथे बसून पाहणार त्या साध्या घरगुती उजेडातच तपासावा. त्यासोबत रंग दिलेल्या स्वच्छ प्रतीचाही एक छाप द्यावा. संध्याकाळच्या चित्रात ऑफ-व्हाइट एका ठिकाणी निळसर आणि दुसऱ्या ठिकाणी सायीसारखा दिसतो, आणि त्यावरून डबा मागवला तर दुकानातून वेगळीच छटा घरी येते. म्हणून शेडचा क्रमांक मी दिवसाच्या छापावरच लिहितो आणि प्रत्यक्ष भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना रंगवून, तो सकाळी आणि दिवे लागल्यावर असा दोनदा पाहिल्यावरच मालकांची मान्यता घेतो.